वजाबाकी बरोबर, तरी भागाकार चुकतो: ए रजिस्टरला एक बिट जास्त द्या

सोलापुरातल्या डिप्लोमाच्या मुलांची जर्नलं तपासताना बायनरी भागाकाराच्या रिस्टोअरिंग डिव्हिजन पद्धतीतला हा घोळ हमखास सापडतो. 11 ÷ 3 बरोबर येतं, 14 ÷ 11 मात्र फसतं. कारण बाकी साठवणारं A रजिस्टर चारच बिटांचं घेतलेलं असतं.

पहिल्याच फेरीत 1 मधून 11 वजा होतात. चार बिटांत 0001 − 1011 = 0110. उत्तर खरं तर −10, पण डावीकडचा बिट 0, म्हणून ते धन समजलं जातं आणि भागाकारात नको तिथे 1 बसतो. चार बिटांत −8 पर्यंतच मावतं. त्यामुळे भाजक 8 पर्यंत असला तर चूक दिसतच नाही. चाचणीला छोटे आकडे घेतले की फसगत ठरलेली.

A पाच बिटांचं करा. भाजक M = 01011, वजाबाकीसाठी त्याचा टूज कॉम्प्लिमेंट 10101 मिळवायचा. सुरुवातीला A = 00000, भाज्य Q = 1110.

```
A<<    A-M    A      Q
00001  10110  00001  1100
00011  11000  00011  1000
00111  11100  00111  0000
01110  00011  00011  0001
```

दर फेरीत A आणि Q एकत्र डावीकडे सरकतात, Q चा वरचा बिट A मध्ये शिरतो. वजाबाकी ऋण आली तर M परत मिळवून Q च्या शेवटी 0, नाहीतर 1. भागाकार 1, बाकी 3.

परत मिळवताना पाचव्या बिटातून बाहेर पडणारा कॅरी सोडून द्यायचा. तो Q मध्ये ढकलणारेही भेटतात!