एकदांडीला माका म्हणू नका: तणाच्या फोटोवरून नाव ठरवताना या चुका टाळा

इंदूरला पावसाळा स्थिरावला की माझ्याकडे तणांचे फोटो येऊ लागतात, आणि त्यांतले निम्मेअधिक एकाच तऱ्हेचे असतात. चौकटभर एक पांढरे फूल, मधोमध पिवळा ठिपका, आणि खाली प्रश्न, ‘हाच माका ना?’ बहुतेक वेळा तो माका नसतो, ती एकदांडी असते. काही जण तिला कंबरमोडी किंवा दगडी पाला म्हणतात. दोन्ही एकाच कुळातल्या, दोन्ही पावसाळ्यात फुलतात आणि दोन्हींची फुले पांढरी दिसतात, म्हणून घोटाळा होतो हे मला समजते. परंतु हा घोटाळा फोटो काढण्याच्या एका सवयीतून होतो, आणि ती सवय मोडता येते.

फुलाचा फोटो फक्त वरून काढणे ही ती सवय. वरून काढलेल्या फोटोत फूल दिसते, पण ते कशावर उभे आहे ते दिसत नाही, आणि या जोडीत ओळखीची मोठी खूण नेमकी तिथेच असते. एकदांडीचे फूल लांब, लवदार आणि पानविरहित दांड्याच्या टोकाला एकटे असते. हा दांडा दहापासून तीस सेंटीमीटरपर्यंत भरतो आणि तिचे नावही त्यावरूनच पडले आहे. माक्याचे फूल मात्र पानाच्या बगलेतून निघालेल्या जेमतेम काही सेंटीमीटरच्या देठावर बसलेले असते. एक फोटो बाजूने, फुलाच्या उंचीवर फोन धरून काढला असता, तर वाद उरलाच नसता.

चार वर्षांपूर्वी राजेंद्रनगरमध्ये आमच्या शेजारच्या काकूंनी असाच एक फोटो पाठवला. त्यांना केसांसाठी माक्याचे तेल करायचे होते. दुपारच्या उन्हात काढलेल्या त्या फोटोत फुलाचा पांढरा भाग इतका उजळला होता की पाकळ्यांच्या कडा पुसल्यासारख्या दिसत होत्या. कुटुंबाच्या गटावर दोघांनी तत्काळ ‘भृंगराज’ असे लिहून टाकले. मी तो फोटो संध्याकाळी पाहिला आणि मोठा करून पाकळ्या मोजल्या. त्या पाच होत्या. एका पाकळीचे टोक सावलीत आले होते आणि तिथे तीन दाते स्पष्ट दिसत होते. मी लगेच फोन केला, पण तोवर किलोभर तिळाच्या तेलात पाला उकळून झाला होता. काकूंनी ते सगळे तेल टाकून दिले, आणि गच्चीवर वेचून आणलेल्या पाल्याचे दोन तासही वाया गेले.

त्या फोटोत काय वाचता आले ते नीट सांगतो. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो प्रत्यक्षात अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. एकदांडीत पाकळ्यांसारखी दिसणारी कडेची फुले थोडी, बहुधा पाच, रुंद आणि फिकट पांढरी किंवा पिवळसर असतात; प्रत्येकाचे टोक तीन दात्यांत चिरलेले असते, आणि मधली नळीसारखी फुले पिवळी असतात. माक्यात कडेची फुले केसासारखी बारीक आणि इतकी दाट असतात की मोजू गेल्यास गोंधळ होतो, शिवाय मधला भाग पिवळा नसून पांढुरका असतो. गुच्छाची रुंदीही वेगळी असते. एकदांडीचा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा, तर माक्याचा बहुधा एक सेंटीमीटरहूनही कमी. म्हणून फुलाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे. ते साधारण दोन सेंटीमीटरचे असते आणि फोटोत मापाचे काम चोख करते. नुसत्या चौकटभर फुलावरून ते मटारएवढे आहे की लिंबाएवढे, हे कोणालाही सांगता येणार नाही.

मी स्वतः फुलावर आपली सावली पाडून फोटो काढतो. पांढऱ्या फुलाला ऊन सोसत नाही, त्याचा तपशील जळतो. मागे तळहात धरतो, कारण इवल्या फुलावर फोनचा फोकस स्थिर होत नाही, तो मागच्या गवतावर जाऊन बसतो. शेवटी गुडघ्याच्या उंचीवरून पूर्ण झाडाचा एक फोटो घेतो आणि पानाचा खोडाशी असलेला सांधा जवळून टिपतो. यापेक्षा कमी फोटोंवर नाव सांगण्याचा आग्रह धरणाऱ्यांना मी आता सरळ नकार देतो. उतावीळपणाने मिळालेले नाव पुढे दहा घरांत फिरते आणि मग ते परत घेता येत नाही.

सांध्याचा फोटो का, तर पानांतही फरक असतो. एकदांडीचे पान देठासह, अंड्याच्या आकाराचे आणि कडेला खोल, वेडेवाकडे दाते असलेले असते. माक्याचे पान अरुंद, भाल्यासारखे, जवळजवळ बिनदेठाचे असते आणि त्याचे दाते अस्पष्ट असतात. पाने समोरासमोर मात्र दोघींनाही येतात, त्यामुळे त्यावरून निवाडा होत नाही. ‘जमिनीवर पसरते म्हणून एकदांडी’ असेही म्हणू नये, कारण माकाही पसरतो आणि ओलाव्यात दोघींच्या पेरांना मुळे फुटतात. जागेचा थोडा उपयोग होतो. माका टाकीच्या सांडपाण्याजवळ, नाल्याच्या काठी रमतो, तर एकदांडी भिंतीच्या भेगेत आणि फरशीच्या सांध्यातही फुलते. हाती झाड असेल तर माक्याचे कोवळे देठ चुरडून थोडा वेळ थांबावे, चुरडलेली जागा काळी पडू लागते. फूल सुकल्यावर तर शंकाच राहत नाही. एकदांडीच्या बिया पिसांसारख्या झुपक्यांनी वाऱ्यावर उडतात, माक्याला असा झुपका नसतो.

दुसरी चूक भुईआवळ्याची. त्याची बारीक फांदी पाहून लोक तिला चिंचेसारखे संयुक्त पान समजतात आणि कुंडीत चिंच उगवली म्हणून कळवतात. प्रत्यक्षात त्या फांदीवरचे प्रत्येक ‘पर्णिका’ हे स्वतंत्र पान असते. पुरावा खालच्या बाजूला मिळतो. फांदी उलटी केली की पानांच्या बगलेत इवली हिरवी फळे ओळीने लोंबताना दिसतात, आणि संयुक्त पानाच्या पर्णिकांच्या बगलेत फळे धरत नाहीत. वरून काढलेल्या फोटोत यातले काहीच येत नाही.

आंबुशीला मेथी म्हणणे ही तिसरी चूक, आणि ती एका नजरेत सुटते. आंबुशीची तिन्ही पर्णदले उलट्या बदामासारखी टोकाला खाचलेली असतात.

चौथी चूक मात्र पोटात जाणारी आहे, म्हणून तिच्याबाबत मी कठोर आहे. जमिनीलगत पसरलेले, लालसर देठांचे दुधी नावाचे तण अनेकांना घोळीची भाजी वाटते आणि ते भाजीसाठी खुडले जाते. घोळीचे पान मांसल असते आणि देठ मोडल्यास स्वच्छ पाणी येते. दुधीचे पान पातळ असते आणि देठातून पांढरा चीक येतो. चीक झाडाच्या फोटोत दिसत नाही. म्हणून देठ मोडावे, पाच सेकंद थांबावे आणि त्या मोडलेल्या टोकाचा फोटो पाठवावा. तो आल्याशिवाय खाण्याविषयी मी काहीही सांगत नाही.

रोपाला फूलच नसेल, तर नाव सांगण्याची घाई करू नये. गाजरगवताचे कोवळे रोप कातरलेल्या पानांमुळे शेवंतीसारखे दिसते आणि कित्येक घरांत ते कौतुकाने पाणी घालून वाढवले जाते. मी अशा रोपाशेजारी काडी खोचतो, फुलाची कळी येईपर्यंत त्याला हात लावत नाही, आणि पांढरे बारीक गुच्छ फुटू लागताच, बी धरण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटतो.