फॉरवर्ड तपासणारा बॉट चुकीचं उत्तर का देतो? या चुका टाळा

आमच्या टिपलाइन बॉटवर एका काकूंनी एक फॉरवर्ड पाठवला, "सर्दी झाली की वाफ घ्या, नाक मोकळं होतं". बॉटने लगेच उत्तर टाकलं, "❌ हा दावा खोटा आहे. कृपया अफवा पसरवू नका." काकू भडकल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं.

झालं असं की आमच्याकडे आधी तपासलेला दावा होता "वाफ घेतल्याने कोरोनाचा विषाणू मरतो". शब्द बरेचसे सारखे, दोन्ही मजकूर किती सारखे ते मोजणारा स्कोर आला ०.८६, आमची मर्यादा होती ०.८०, मग काय, मॅच! हा स्कोर विषय किती जवळचा ते सांगतो, दावा तोच आहे का हे नाही सांगत, आणि "होतं" चं "होत नाही" केलं तरी तो फारसा हलत नाही. मर्यादा ०.९० केली तर खरे मॅचही सुटायला लागले. शेवटी आम्ही मधल्या स्कोरवाले मेसेज सरळ माणसाकडे वळवले. जुने शंभरेक मेसेज तपासलेल्या दाव्यांशी हाताने जुळवून बघा, तुमच्या मर्यादेचा आकडा वेगळाच निघेल.

दुसरी चूक उत्तराच्या शब्दांत होती. काकूंनी विचारलं होतं, पसरवलं नव्हतं, त्यांना दम कशाला? आणि कुठला दावा खोटा तेही बॉट बोललाच नाही. आता उत्तर असं जातं:

"पाठवल्याबद्दल धन्यवाद. यासारखा एक दावा आम्ही तपासलाय: 'वाफ घेतल्याने कोरोनाचा विषाणू मरतो'. हे चुकीचं आहे. वाफेने चोंदलेलं नाक थोडा वेळ मोकळं वाटू शकतं, पण विषाणू मरत नाही, आणि गरम पाणी सांडून भाजायची भीती असते. तुमचा मेसेज वेगळ्या गोष्टीबद्दल असेल तर २ पाठवा, आमच्यातलं कोणीतरी बघेल."

दावा आधी लिहिला की मॅच चुकला असेल तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. फुल्या, लाल इमोजी, कॅपिटलमधलं FAKE वगैरे काढून टाका. आणि ते २ खरंच कोणाकडे तरी जातंय ना ते बघा, आमच्याकडे आठवडाभर ते रिकाम्या इनबॉक्समध्ये पडत होतं 🤦

तिसरी चूक सगळ्यात उशिरा सापडली. माणसाने तपासून तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं, डॅशबोर्डवर "पाठवलं" दिसत होतं, काकूंना मात्र काहीच आलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस एपीआयवर समोरच्याच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासच मोकळा मजकूर पाठवता येतो, पुढे आधी मंजूर करून घेतलेलं टेम्प्लेटच चालतं. लॉगमध्ये एरर 131047 दिसला की समजायचं हेच झालंय. म्हणून "तुम्ही पाठवलेल्या मेसेजचं उत्तर तयार आहे, बघायचं असेल तर हो पाठवा" असं छोटं टेम्प्लेट आधीच मंजूर करून ठेवा, त्यांनी हो म्हटलं की २४ तास परत सुरू होतात आणि मग पूर्ण उत्तर जातं.