गाडीचा खर्च काढला, पण भागायचा कशाने?

पांढरकवड्याच्या बाजूला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी हिशेबाचं काम करते. लागले तेव्हा बी.कॉम. झालं होतं आणि सीएमए इंटरचा अभ्यास सुरू होता. शेठजींच्या दहा टायरच्या तीन गाड्या होत्या. त्यांचा हिशेब म्हणजे दिवाणजी काकांची एक लांबट वही: आज डिझेल किती, टोल किती, भाडं किती आलं. मग एका रुई व्यापाऱ्याने वर्षभराचं काम देऊ केलं, पण दर टन-किलोमीटरवर मागितला. शेठजींनी तो कागद माझ्यासमोर ठेवला, कारण हा शब्द घरात फक्त माझ्या पुस्तकात होता.

एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर. नुसते किलोमीटर धरले तर गाडी भरलेली होती की रिकामी हे कळत नाही, आणि नुसते टन धरले तर माल हिंगणघाटला गेला की नागपूरला हे कळत नाही. म्हणून दोन्ही एकत्र धरायचे. इथवर सोपं आहे. नव्या मुलांचं सगळं लक्ष खर्चाच्या यादीवर असतं, माझंही तसंच होतं. पण माझी चूक यादीत झाली नाही, ती भागाकारात झाली.

आधी खेप समजून घ्या. गाडी जिनिंगमधून १०० गाठी भरून निघते. एक गाठ १७० किलोची धरली तर १७ टन झाले. राष्ट्रीय महामार्ग ४४ ने साधारण ७५ किलोमीटरवर हिंगणघाट. तिथे ६० गाठी उतरतात. उरलेल्या ४० गाठी, म्हणजे ६.८ टन, पुढे आणखी ७५ किलोमीटर नागपूरला. परतताना त्याच व्यापाऱ्याचं बारदान आणि गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या, ५ टन, सरळ जिनिंगपर्यंत १५० किलोमीटर. एकूण धाव ३०० किलोमीटर.

आता खर्च. मी पुस्तकाप्रमाणे दोन ढीग केले. गाडी उभी असली तरी लागतात ते स्टँडिंग चार्जेस, आणि चाक फिरलं की लागतात ते रनिंग चार्जेस. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून देते. एका गाडीचे महिन्याचे स्टँडिंग चार्जेस असे: ड्रायव्हर-क्लीनरचा पगार २८,०००, विमा ५,०००, टॅक्स-परमिट-फिटनेस २,०००, घसारा २०,०००, कर्जावरचं व्याज १०,०००, आणि शेड व दिवाणजींच्या पगारातला गाडीचा वाटा ५,०००. बेरीज ७०,०००.

यातल्या दोन ओळींवर थांबते. शेठजींनी व्याजाच्या जागी बँकेचा पूर्ण हप्ता लिहायला सांगितला होता, कारण खिशातून तोच जातो. पण हप्त्यात व्याज असतं तशी मुद्दलही असते, आणि ती मुद्दल म्हणजे गाडीचीच किंमत. ती किंमत घसाऱ्याच्या रूपाने आपण आधीच धरलेली असते. हप्ता आणि घसारा दोन्ही लिहिले तर गाडी दोनदा विकत घेतल्यासारखं होतं. हप्त्याची सोय रोखीच्या हिशेबात बघायची, दराच्या हिशेबात व्याज तेवढं घ्यायचं. दुसरी ओळ घसाऱ्याची. गाडी ३० लाखांची, दहा वर्षांनी ६ लाखांना जाईल असं धरलं, म्हणून वर्षाला २ लाख ४० हजार. हा घसारा वर्षांवर काढला म्हणून तो स्टँडिंगमध्ये बसला. तोच गाडीच्या एकूण किलोमीटरवर काढला असता तर रनिंगमध्ये गेला असता. परीक्षेतल्या गणितात कोणता दिलाय ते वाक्य नीट वाचा.

रनिंग चार्जेस दर किलोमीटरला काढायचे. डिझेल ९२ रुपये लिटर आणि जाऊन-येऊन ४ चं ॲव्हरेज, म्हणजे २३ रुपये. दहा टायर दोन लाखांचे, ८०,००० किलोमीटर चालतात, म्हणजे २.५०. टोल ४, दुरुस्ती २, ड्रायव्हरचा भत्ता १, ऑइल-ग्रीस ०.५०. सगळं मिळून ३३ रुपये. एका खेपेला ३०० किलोमीटर, म्हणजे ९,९००. सीझनमध्ये महिन्याला २० खेपा होतात, तर ७०,००० चा एका खेपेचा वाटा ३,५००. खेपेचा पूर्ण खर्च १३,४०० रुपये.

माझं हे इथवर बरोबर होतं. आता भागायचं कशाने?

टन-किलोमीटर मोजायच्या दोन रीती आहेत. पहिली ॲब्सोल्यूट: प्रत्येक टप्प्याचं अंतर गुणिले त्या टप्प्यावरचा माल, आणि मग बेरीज. ७५ गुणिले १७ म्हणजे १,२७५. ७५ गुणिले ६.८ म्हणजे ५१०. १५० गुणिले ५ म्हणजे ७५०. एकूण २,५३५. दुसरी कमर्शियल: टप्प्यांच्या मालाची सरासरी काढायची आणि तिला पूर्ण अंतराने गुणायचं. १७, ६.८ आणि ५ ची सरासरी ९.६, गुणिले ३००, म्हणजे २,८८०. त्याच गाडीचं, त्याच दिवसाचं काम, आणि उत्तरात ३४५ चा फरक.

हा फरक का येतो ते मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. साधी सरासरी तिन्ही टप्प्यांना सारखा मान देते. पण १७ टनांचा टप्पा ७५ किलोमीटरचा आहे आणि ५ टनांचा १५० चा. म्हणजे गाडी अर्धा रस्ता जवळपास हलकी चालते, आणि सरासरीला ते दिसत नाही. परतीचा रस्ता हिंगणघाटला तोडून ७५-७५ चे दोन टप्पे लिहून पाहा: १७, ६.८, ५, ५ ची सरासरी ८.४५ येते, आणि तिला ३०० ने गुणलं की बरोबर २,५३५. टप्पे सारख्या लांबीचे असले की दोन्ही रीती जुळतात. लांब टप्पा हलका असला की कमर्शियलचा आकडा फुगतो, लांब टप्पा भरलेला असला की तो आखडतो.

माझ्या सरावातल्या बहुतेक गणितांत कमर्शियल विचारलेलं असायचं, म्हणून हात तिकडेच वळला. १३,४०० भागिले २,८८० केलं, दर आला ४.६५. त्यावर १० टक्के नफा धरून ५.१२ लिहून दिला. व्यापाऱ्याचा मुनीम मात्र बिल तपासताना काट्याच्या पावत्या आणि टप्प्यांचं अंतर घेऊन बसायचा, म्हणजे तो २,५३५ वर पैसे द्यायचा. ५.१२ गुणिले २,५३५ झाले १२,९७९. खेपेला खर्च १३,४००. नफा राहिला बाजूला, प्रत्येक खेपेत ४२१ रुपये घरातून जात होते आणि माझ्या तक्त्यात नफा दिसत होता.

पकडलं ते दिवाणजी काकांनी. त्यांना दोन्ही रीतींची नावं माहीत नव्हती, पण महिनाअखेरीस त्यांच्या वहीत पैसे उरत नव्हते. ते म्हणाले, "पोरी, तुह्या कागदात गाडी येतानाही भरेलच दिसते. वापस येते तं किती माल असते, पाह्यलं काय तू?" मी लॉगबुक काढून टप्पे मांडले आणि पोटात गोळा आला. खरा दर १३,४०० भागिले २,५३५, म्हणजे ५.२९ होता, नफा न धरता. शेठजींनी व्यापाऱ्याकडे जाऊन दर बदलून घेतला, पण झालेल्या खेपांचे पैसे परत आले नाहीत. तेव्हापासून दरपत्रकावर दराखालीच मी लिहिते की टन-किलोमीटर टप्प्याटप्प्याने मोजले आहेत. ज्या आकड्याने भागलं, बिलातही त्यानेच गुणलं गेलं पाहिजे. कमर्शियलने भागून कमर्शियलवरच बिल झालं असतं तर १४,७४५ आले असते आणि काही बिघडलं नसतं.

भागाकारातली दुसरी खोच पावसाळ्यात कळते. आपल्याकडे कापसाचा सीझन दिवाळीच्या आसपास चढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. नंतरच्या महिन्यांत २० च्या जागी ८ खेपा होतात. रनिंगचे ९,९०० तेवढेच राहतात, पण ७०,००० आता आठांत वाटले जातात: खेपेला ८,७५०. दर ७.३६ वर जातो. जुलैत असा दर सांगितला तर माल दुसऱ्याच्या गाडीत जाईल, आणि जानेवारीचा ५.२९ वर्षभर लावला तर पावसाळ्याचे पगार कुठून द्यायचे? म्हणून करार वर्षाचा असेल तर भागाकारही वर्षाचा. सीझनचे सहा महिने १२० खेपा आणि बाकीचे सहा महिने ४८, एकूण १६८. वर्षाचे ८,४०,००० त्यांत वाटले की खेपेला ५,०००, पूर्ण खर्च १४,९००, दर ५.८८. शेठजींनी नफा यावर चढवला.

परतीच्या मालाबद्दल मात्र हा दर जपून वापरा. एकदा परतीचं बारदान नव्हतं, आणि नागपूरला एक जण ५ टन माल पांढरकवड्याला न्यायचे २,५०० देत होता. ५.२९ ने ७५० टन-किलोमीटरचे ३,९६७ होतात, म्हणून मी फोनवर नाही म्हणाले. पण गाडी तर येणारच होती. तिचा टोल, पगार, बहुतेक डिझेल तसंही लागणार होतं. त्या मालामुळे वाढणारा खर्च म्हणजे हमाली आणि थोडं जादा डिझेल, हजारभर रुपये. मी दीड हजार सोडले होते. अशा वेळी फक्त वाढणारा खर्च बघायचा. एक अट आहे: माल भरायला दिवसभर थांबावं लागलं आणि सीझनमधली उद्याची खेप चुकली, तर त्या खेपेचं नुकसानही मोजायचं.

आणि सुट्या कापसाला हा दर लावूच नका. गाठींनी वजन भरतं, सुट्या कापसाने डाला भरतो. वजनाच्या निम्म्यावर गाडी तुडुंब होते आणि टन-किलोमीटरचे पैसे निम्मेच येतात, चालायचं तेवढंच असतं. त्यासाठी आम्ही खेपेचा ठरावीक दर ठेवला आहे.

हे सगळं उभं राहतं ते ड्रायव्हरच्या पावत्यांवर. काट्याच्या पावतीवर भरलेल्या गाडीचं, रिकाम्या गाडीचं आणि निव्वळ असं तीन वेळा वजन असतं. घ्यायचं ते निव्वळ. नवीन मुलगा हमखास पहिला आकडा उचलतो, आणि गाडीचं स्वतःचं वजनही माल म्हणून मोजलं जातं. वजन क्विंटलमध्ये असेल तर दहाने भागायचं. १०० गाठींच्या खेपेला १७० क्विंटलच्या आसपास निव्वळ वजन दिसलं नाही, तर ती पावती मी तक्त्यात घेण्याआधी ड्रायव्हरला फोन करते.