वक्राखालचा सेंट्रॉइड आणि तो हरवलेला अर्धा

नांदेडला पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पोरं माझ्याकडे संध्याकाळी मेकॅनिक्स शिकायला येतात. लोहा, कंधार, मुखेडकडची बरीच असतात, बारावीपर्यंत गणित मराठीतून केलेली. इंटिग्रेशन त्यांना येतं. सेंट्रॉइडची तिन्ही सूत्रंही पाठ असतात. अडचण येते ती एकाच जागी, त्यामुळे इथे तेवढ्याच जागेवर थांबणार आहे.

उदाहरण साधं घेऊ. वक्र y = x², खाली x-अक्ष, डावीकडे x = 0 आणि उजवीकडे x = 3. आकार डोळ्यांसमोर आणा: डावीकडे निमुळती शेपटी, उजवीकडे ९ एकक उंच सरळ भिंत. या आकाराच्या मी उभ्या पट्ट्या पाडतो. प्रत्येक पट्टीची रुंदी dx, उंची y, म्हणजे क्षेत्रफळ y dx.

आधी क्षेत्रफळ आणि y-अक्षाभोवतीचा मोमेंट काढू. पट्टी y-अक्षापासून x अंतरावर आहे आणि इतकी बारीक आहे की ती सगळीच्या सगळी x वरच आहे असं धरलं तरी चालतं. म्हणून मोमेंट x · y dx.

```
A  = ∫ x² dx    (0 ते 3) = 9
My = ∫ x·x² dx  (0 ते 3) = 81/4 = 20.25
x̄  = 20.25 / 9 = 2.25
```

इथपर्यंत कुणाचं चुकत नाही. आता x-अक्षाभोवतीचा मोमेंट. मागच्या वर्षी एका मुलानं फळ्यावर सरळ ∫ y · y dx मांडलं आणि उत्तर काढलं ५.४. मी म्हटलं, "अरे, पट्टी अक्षापासून किती अंतरावर आहे?" तो म्हणाला, "सर, y वर."

पण y वर आहे ते पट्टीचं टोक. पट्टी तर अक्षापासून सुरू होऊन y पर्यंत उभी आहे. तिचा काही भाग शून्य उंचीला आहे, काही मधे, काही वर. ती आयताकृती आहे, म्हणून तिचा स्वतःचा सेंट्रॉइड बरोबर मधोमध, y/2 वर. मोमेंट घेताना अंतर मोजायचं ते तिथपर्यंत. म्हणजे (y/2) · y dx, आणि सूत्रातला अर्धा येतो तो इथून.

```
Mx = ½ ∫ x⁴ dx  (0 ते 3) = 243/10 = 24.3
ȳ  = 24.3 / 9 = 2.7
```

अर्ध्यावर विश्वास बसत नसेल तर पट्ट्या आडव्या पाडा. y उंचीवरची आडवी पट्टी वक्रापासून, म्हणजे x = √y पासून, भिंतीपर्यंत, x = 3 पर्यंत जाते. ही पट्टी मात्र सगळी y उंचीवरच आहे, त्यामुळे इथे अर्ध्याचा प्रश्नच नाही.

```
Mx = ∫ y(3 − √y) dy  (0 ते 9) = 121.5 − 97.2 = 24.3
```

उत्तर तेच. आडव्या पट्टीत लांबी 3 − √y आहे हे विसरून नुसतं √y लिहिणारेही भेटतात. √y ही वक्राच्या डावीकडची, आकाराबाहेरची लांबी झाली.

आता ५.४ हे उत्तर चूक आहे हे परत न सोडवता कसं ओळखायचं? बहुतेक जण म्हणतात, बिंदू आकाराच्या बाहेर पडला की चूक. x = 2.25 ला वक्राची उंची साधारण ५.०६ आहे, म्हणजे ५.४ खरंच वक्राच्या वर पडतो. पण हा निकष पक्का नाही. आकाराला खोलगट भाग असेल, मधे दरी आणि दोन बाजूंना उंचवटे असतील, तर खरा सेंट्रॉइडही आकाराबाहेर पडू शकतो. मी पोरांना दुसरी कसोटी देतो. प्रत्येक पट्टीचा मध्य तिच्या उंचीच्या निम्म्यावर असतो, म्हणून सगळ्यांचा मिळून ȳ हा सगळ्यात उंच पट्टीच्या निम्म्याच्या वर जाऊच शकत नाही. इथे उंची ९, निम्मी ४.५. त्यामुळे ५.४ तिथेच बाद. खालूनही एक हद्द आहे: ȳ सरासरी उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी येत नाही. सरासरी उंची ९ ÷ ३ = ३, निम्मी १.५. आपलं २.७ या दोन हद्दींत नीट बसतं. अर्थात ही कसोटी प्रत्येक वेळी चूक पकडेलच असं नाही. बाकी आकार बसका आणि एखादंच शिखर उंच, सुईसारखं असेल, तर दुप्पट आलेलं ȳ सुद्धा हद्दीत लपून जातं.

कागदावरचं पटत नसेल तर पुठ्ठा कापा. एक एकक म्हणजे ३ सेंटिमीटर धरलं तर पाया ९ आणि उंची २७ सेंटिमीटर होते. काठाजवळ दोन-तीन बारीक भोकं पाडायची, एकेका भोकात टाचणी घालून पुठ्ठा मोकळा लटकवायचा, त्याच टाचणीला दोऱ्यानं नट बांधून ओळंबा सोडायचा आणि दोऱ्याची रेघ पेन्सिलीनं मारायची. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू पायापासून ८.१ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवा. शेपटीकडचं टोक वाकू देऊ नका आणि भोक टाचणीपेक्षा थोडं मोठं ठेवा, नाहीतर पुठ्ठा अडकतो आणि रेघ तिरपी पडते. पुठ्ठ्याची जाडी सगळीकडे सारखी हवी. आपलं गणितही तेच गृहीत धरतं.

दोन वक्रांमधला भाग आला की तो अर्धा वेगळ्या रूपात छळतो. y = 3x वर आणि y = x² खाली, त्यांच्यामधला भाग घ्या. पट्टीची उंची वरचा वजा खालचा, म्हणून क्षेत्रफळ १३.५ − ९ = ४.५. मोमेंटसाठी मात्र (3x − x²) चा वर्ग करून अर्धा घेतला तर ȳ येतो ०.९, आणि x̄ = 1.5 ला हा भाग सुरूच होतो २.२५ वर. या आकाराला खोलगट बाजू नाही, म्हणून इथे बाहेर पडलेला बिंदू नक्की चूक. पट्टी आता अक्षापासून सुरू होत नाही. तिचा मध्य वरच्या आणि खालच्या टोकांच्या सरासरीवर आहे. सरासरी गुणिले फरक म्हणजे वर्गांच्या फरकाचा अर्धा:

```
Mx = ½ ∫ (9x² − x⁴) dx  (0 ते 3) = 16.2
ȳ  = 16.2 / 4.5 = 3.6
```

पडताळा तोंडी होतो. 3x खालच्या त्रिकोणाचा सेंट्रॉइड ३ उंचीवर, क्षेत्रफळ १३.५, मोमेंट ४०.५. त्यातून मघाचे २४.३ काढले की १६.२. मोमेंट असे वजा करता येतात, सेंट्रॉइड नाही. ३ मधून २.७ वजा करणारा दरवर्षी एखादा निघतोच.

पुढे सिव्हिलला हेच गणित भारांच्या आकृत्यांवर येतं. आपल्याकडच्या एखाद्या कोल्हापुरी बंधाऱ्याला ३ मीटर पाणी अडलंय असं धरा. तळाशी दाब ९.८१ × ३ = २९.४३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, वर शून्य, मधे सरळ रेषा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे एका मीटर लांबीवरचा एकूण जोर, साधारण ४४.१ किलोन्यूटन, आणि तो लागतो तळापासून १ मीटरवर. या आकृतीत एक अक्ष खोलीचा आणि दुसरा दाबाचा आहे, म्हणून लागतो तो फक्त खोलीच्या दिशेचा सेंट्रॉइड. दुसरा काढलात तर उत्तर किलोन्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येईल, आणि बंधाऱ्यावर जोर कुठे लागतो हे त्यातून काही कळणार नाही.