पहाटे धावताना पोटात कळ येत असेल तर

धावताना रक्तपुरवठा आतड्यांकडून पायांच्या स्नायूंकडे वळतो आणि त्यात सततच्या हादऱ्यांची भर पडते, म्हणून पोटात पचायचे राहिलेले अन्न असल्यास शौचाची घाई होते. सहा वाजता धावायचे असेल, तर कॉफी पाचलाच, घरचे शौचालय हाताशी असताना घ्यावी. ती मोठ्या आतड्याला चालना देते, आणि ऐन निघताना घेतली तर ती चालना नेमकी रस्त्यात मिळते. दूध बाधत असेल, तर कॉफी कोरीच असावी. सोबत एखादे पिकलेले केळे किंवा जॅम लावलेला पांढरा ब्रेड पुरतो. आदल्या रात्री उसळ, कोबी आणि तळण टाळावे. संध्याकाळी धावणाऱ्यांनी भरपेट जेवण निदान तीन तास आधी आटोपावे. शौचात रक्त दिसल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे.