फोनवर ‘इक्विटी पण देऊ’ म्हणले, मग मी फाउंडरला काय काय विचारलं

मी परभणीकडचा, इंजिनिअरिंग नांदेडला झालं आणि आता संभाजीनगरात बसून पुण्याच्या एका छोट्या स्टार्टअपचं काम करतो. आमच्याकडची पोरं आजकाल स्टार्टअपचे इंटरव्ह्यू द्यायलेत आणि पगारासोबत इक्विटीचं काहीतरी बोलणं निघालं की ‘हो सर, चालेल सर’ म्हणून मोकळी होतात. मीही पहिल्यांदा तसाच मोकळा झालो होतो. पहिल्या नोकरीत मालक म्हणला होता, पगार थोडा कमी घे, तुला कंपनीत हिस्सा देतो. दीड वर्ष कमी पगारात काढलं आणि सोडताना विचारलं तर कळलं की ती कंपनी एलएलपी होती, म्हणजे तिथं शेअर नावाची वस्तूच नव्हती, तर ऑप्शन, म्हणजे पुढं ठरलेल्या किमतीत शेअर घ्यायचा हक्क, कुठून देणार! हे mca.gov.in वर कंपनीचं नाव टाकून दोन मिनिटात फुकट बघता आलं असतं. नावाच्या शेवटी प्रायव्हेट लिमिटेड आहे का एलएलपी, एवढं तरी इंटरव्ह्यूच्या आधीच बघून ठेवा.

तर दुसऱ्या वेळची गोष्ट. फोन इंटरव्ह्यू होता दुपारी, मी गावाकडं होतो आणि घरात रेंज नाही म्हणून शेताच्या बांधावर लिंबाखाली उभा राहून बोललो. पाऊण तास टेक्निकल झालं आणि शेवटी फाउंडर सर स्वतःच म्हणले की पगार आम्ही मार्केटपेक्षा थोडा कमी देतो पण इक्विटी पण देऊ, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, चार वर्षाचं वेस्टिंग, एक वर्षाचा क्लिफ, स्टँडर्ड आहे सगळं. मी फोनवर काहीच विचारलं नाही आणि ते बरंच झालं असं आजही वाटतं, कारण समोरच्यालाही तिथल्या तिथं आकडे आठवत नसतात आणि तोंडी दिलेलं उत्तर नंतर दोघांनाही वेगवेगळं आठवतं. विषय त्यांनी स्वतः काढला होता म्हणजे मेलवर विचारायला माझी वाट मोकळी होती.

संध्याकाळी आप्पांना समजावून सांगायला बसलो की वेस्टिंग म्हणजे काय. म्हणलं चार वर्षात हळूहळू हक्क लागतो, पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर काहीच नाही, वर्ष भरलं की एकदम पाव हिस्सा आणि पुढं महिन्या-महिन्याला थोडा थोडा. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणले, “म्हंजे सालगड्यावानीच की. पण साल कव्हापासून धरायचं ते इचारलंस का? पाडव्याला बोली झाली अन् कागद श्रावणात केला, तर साल पाडव्यापासून का श्रावणापासून?”

मला खरंच उत्तर माहीत नव्हतं. शोधलं तर लक्षात आलं की पूर्ण प्रकरणातला सगळ्यात महागाचा प्रश्न हाच आहे. आपल्याकडं कंपनी कायद्याच्या नियमात असं आहे की ऑप्शन ग्रँट केल्यापासून, म्हणजे कंपनीने ते रीतसर तुमच्या नावे केल्यापासून, पहिलं वेस्टिंग होईपर्यंत कमीत कमी एक वर्ष जावं लागतं. हे वर्ष जॉइनिंगपासून नाही, ग्रँटपासून मोजतात. आणि ग्रँट होण्याआधी कंपनीची ईसॉप स्कीम, म्हणजे कामावरच्या लोकांना ऑप्शन द्यायची योजना, बनलेली पाहिजे, शेअरहोल्डरांचा ठराव पाहिजे, मग बोर्डाने तुमच्या नावाने ग्रँट मंजूर करून लेटर द्यायचं. छोट्या कंपनीत यातलं काहीच झालेलं नसतं आणि ऑफर लेटरमध्ये मात्र ‘तुम्हाला ईसॉप मिळतील’ अशी एक ओळ असते. ती ओळ म्हणजे ग्रँट नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल टाकला. मेल इंग्रजीतच लिहिला होता, मराठीत मजकूर साधारण असा:

“सर, काल वेळ दिल्याबद्दल आभार. तुम्ही इक्विटीचा उल्लेख केला म्हणून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, अर्धा टक्का म्हणजे किती ऑप्शन, आणि फुली डायल्यूटेड बेसिसवर एकूण शेअर किती आहेत? दोन, ईसॉप स्कीम मंजूर झालेली आहे का, ग्रँट जॉइनिंगनंतर साधारण किती दिवसांत होते आणि वेस्टिंगची तारीख कुठून धरतात? तीन, नोकरी सोडली तर वेस्ट झालेल्या ऑप्शनचं काय होतं, ते एक्सरसाइज करायला किती मुदत असते? आकडे आत्ता नक्की नसतील तर पुढच्या राऊंडच्या वेळी बोललो तरी चालेल.”

शेवटची ओळ मुद्दाम टाकली. फोन इंटरव्ह्यू म्हणजे ऑफर नाही, तेव्हाच कंपनी विकली गेली तर वेस्टिंग लवकर होईल का, गुंतवणूकदारांना आधी किती पैसे मिळणार, हे सगळं विचारत बसलं तर समोरच्याला वाटतं याला कामापेक्षा हिशोबातच रस आहे. ते प्रश्न ऑफर हातात आल्यावर. तीनच ठेवले आणि तेही असे की ज्याचं उत्तर एका ओळीत देता येईल.

दोन दिवस उत्तर नाही, मला वाटलं गेलं काम. तिसऱ्या दिवशी आलं आणि बरंच सरळ आलं. 4,800 ऑप्शन देणार, कंपनीचे शेअर 9,60,000. भागून बघितलं तर अर्धा टक्का बरोबर येतो. पण मी विचारलं होतं फुली डायल्यूटेड, म्हणजे आज वाटलेले शेअर अधिक ईसॉपसाठी राखून ठेवलेला पूर्ण पूल अधिक पुढं शेअरमध्ये बदलणारी गुंतवणूक, सगळं धरून. ते त्यांनी खालच्या ओळीत लिहिलं होतं, 12,00,000. मग 4,800 म्हणजे 0.4 टक्के. फसवायलेत असं मला वाटलं नाही, बऱ्याच फाउंडरच्या डोक्यात वाटलेल्या शेअरचाच आकडा असतो. पुढच्या फंडिंगमध्ये अजून 3 लाख शेअर निघाले तर तेच 0.32 होतात, ते सगळ्यांचंच होतं, त्यात तक्रार काही नाही. फक्त टक्का कशाचा हे न विचारता टक्क्यावर खूश होऊ नका, आणि नुसता ऑप्शनचा आकडा सांगितला तरी तेच, भागायला खाली काय आहे ते कळल्याशिवाय 4,800 ला काही अर्थ नसतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आप्पांना जे वाटलं होतं तेच निघालं. स्कीमचा मसुदा सीएकडे होता, ठराव व्हायचा होता आणि ग्रँट साधारण सहा महिन्यांनी होईल म्हणले. आता याचा हिशोब करून बघा. 4,800 ला 48 महिने, म्हणजे महिन्याला 100. समजा 1 जुलैला जॉइन झालो आणि ग्रँट 1 जानेवारीला झाली. मोजणी ग्रँटपासून धरली तर पुढच्या 1 जानेवारीला 1,200 वेस्ट होणार, तोवर माझे दीड वर्ष काम झालेलं असणार, आणि पूर्ण 4,800 व्हायला साडेचार वर्षं लागणार. मधले सहा महिने म्हणजे 600 ऑप्शन मागं ढकलले गेले. आणि समजा 14 महिन्यांनी काही कारणाने सोडावं लागलं तर मला वाटत राहील की वर्ष भरलं, क्लिफ ओलांडला, पण कागदावर ग्रँटला आठच महिने झालेत, म्हणजे हातात शून्य.

मी एकच विनंती केली. कायद्याने ग्रँटपासून वर्षभर काही वेस्ट होऊ शकत नाही हे मान्य, पण ते वर्ष भरेल तेव्हा मोजणी जॉइनिंगपासून धरा, म्हणजे त्या दिवशी 1,200 ऐवजी 18 महिन्यांचे 1,800 एकदम वेस्ट होतील आणि चार वर्षं चारच राहतील. शिवाय ग्रँट जॉइनिंगपासून 90 दिवसांच्या आत होईल असं ऑफर लेटरमध्ये लिहा. सरांनी सीएला विचारून पहिलं मान्य केलं. 90 दिवसांचं म्हणले लिहून देत नाही, प्रयत्न करतो. शेवटी पाचव्या महिन्यात ग्रँट लेटर आलं, त्यात मोजणीची तारीख म्हणून माझी जॉइनिंगची तारीख आहे आणि पहिल्या वेस्टिंगची तारीख वेगळी लिहिलीय. तुमच्या लेटरमध्ये या दोन तारखा वेगवेगळ्या दिसतात का ते नक्की बघा. एकच तारीख असेल तर ती बहुतेक ग्रँटची असते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं 90 दिवस. म्हणजे नोकरी सोडल्यापासून 90 दिवसांत वेस्ट झालेले ऑप्शन पैसे भरून शेअरमध्ये बदलायचे, नाहीतर गेले. माझी एक्सरसाइज किंमत शेअरला 10 रुपये आहे, ऐकायला स्वस्त. समजा 26 महिन्यांनी सोडलं तर 2,600 ऑप्शन, 26 हजार रुपये, ते कुठूनही करता येतील. पण त्या दिवशी मर्चंट बँकरने शेअरची किंमत 400 काढली असेल तर मधले 390 रुपये पगार धरले जातात, 2,600 ला 10,14,000 रुपये. हे पैसे हातात आलेले नाहीत, शेअर कुठं विकताही येत नाही, पण टॅक्स आत्ता. 20 टक्क्यांनी धरला तरी 2 लाखांच्या वर जातो. सरकारने काही स्टार्टअपना हा टॅक्स पुढं ढकलायची सवलत दिलीय, पण त्यासाठी नुसतं स्टार्टअप म्हणून नोंदणी असून भागत नाही, वेगळं सर्टिफिकेट लागतं, आणि नोकरी सोडली की ती सवलतही तिथंच संपते. म्हणजे ज्याला खरी गरज, सोडणाऱ्याला, त्याला तिचा उपयोग नाही.

म्हणून मी 90 दिवसांऐवजी दोन वर्षं मुदत मागितली. सर म्हणले, स्कीम सगळ्यांना एकच आहे, तुझ्या एकट्यासाठी बदलता येत नाही, पण मसुद्यात अजून सही झालेली नाही तर बोर्डात विषय ठेवतो. स्कीम मंजूर होऊन आली तेव्हा त्यात मुदत एक वर्षाची होती, सगळ्यांसाठीच. माझ्यासोबत लागलेल्या लातूरच्या पोराला हे माहीतच नव्हतं, त्याला मीच सांगितलं. त्याने आधी विचारलं, “पण एवढं विचारल्यावर सर रागावले नाहीत का रे?” रागावले नव्हते. दुसऱ्या राऊंडला उलट त्यांनीच मला कॅप टेबल, म्हणजे कुणाकडं किती शेअर त्याचा तक्ता, स्क्रीनवर उघडून दाखवलं आणि त्यातला एक बेरजेचा घोळ आम्ही दोघांनी मिळून तिथंच दुरुस्त केला.