मराठीत सुचलेला रजेचा मेल इंग्रजीत लिहिताना या चुका टाळा

रजेचा मेल आधी डोक्यात मराठीतच तयार होतो, माझाही होतो, त्यात काहीच वाईट नाही. घोळ होतो तो 'रजा मंजूर करावी' या शेवटच्या ओळीपाशी.

मराठीत 'करावी', 'मिळावी' ही अदबीची विनंती असते. पण शाळेत डोक्यात बसलंय की 'करावं' म्हणजे शुड, मग त्याचं 'यू शुड अप्रूव्ह माय लीव्ह' होतं आणि वाचणाऱ्याला तो हुकूम वाटतो. आमच्या टीममधल्या एका नवीन मुलाने गौरी-गणपतीला गावी जायला 3 दिवस मागताना नेमकं हेच लिहिलं. मॅनेजर तमिळ, त्यांना मराठी अजिबात येत नाही, त्यांनी उलट विचारलं की मी काय करायचं हे तू ठरवणार का? पोरगं रडकुंडीला आलं, म्हणे ताई मी तर एवढं नम्रपणे लिहिलं होतं. आणि खरंच लिहिलं होतं, मराठीत. वर त्याचा उपाय काय, तर मध्ये 'काइंडली' घालायचं! 'यू शुड काइंडली अप्रूव्ह' हा पण हुकूमच राहतो, हे असले शॉर्टकट मला अजिबात पटत नाहीत, क्रियापदच बदलावं लागतं. शेवटी आम्ही दोनच वाक्यं ठेवली: 'आय वुड लाइक टू टेक लीव्ह फ्रॉम वेन्सडे टू फ्रायडे फॉर अ फेस्टिव्हल ॲट माय फॅमिली होम. कुड यू प्लीज अप्रूव्ह इट?'

'मला रजा हवी आहे'चं 'आय वॉन्ट लीव्ह' करणं, तोच प्रकार. आपलं 'हवी आहे' मवाळ आहे, 'वॉन्ट' नाही.

दुसरी गोष्ट सुराची. वर 'रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट' हे शाळेच्या अर्जातलं, मध्ये 'ॲक्च्युअली घरी फंक्शन आहे ना' छाप गप्पा, आणि खाली 'थँक्स, बाय'. तीन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं. मी आधी एकच ठरवते, मी विचारतेय की कळवतेय. ठरवून घेतलेली रजा असेल तर विचारायचं, वर लिहिलंय तसं. सकाळी ताप भरला असेल तर 'आय ॲम अनवेल अँड वोन्ट बी एबल टू वर्क टुडे' एवढं कळवायचं, त्याखाली 'कुड यू अप्रूव्ह' चिकटवायचं नाही, कारण तुम्ही झोपलेलेच असणार आहात. मग पहिलं आणि शेवटचं वाक्य एकापाठोपाठ मोठ्याने वाचते, दोन्ही एकाच माणसाची वाटली नाहीत तर खालचं बदलते. घाईत सेंड करणाऱ्यांना हा अर्धा मिनिटही जड होतो.

'गौरीजेवण' समजावत बसू नका, 'फॅमिली सेरेमनी' पुरतं.

आणि 'शुक्रवारपर्यंत'चं नुसतं 'टिल फ्रायडे' नको, शुक्रवारी येणार की नाही ते कळत नाही, 'आय विल बी बॅक ऑन मंडे' लिहा.